सही झाली, अनुसमर्थन नाही: मधल्या काळात देश नेमका कशाला बांधलेला असतो?

प्रश्न: "एका देशाने बहुपक्षीय करारावर सही केली, पण त्याच्या संसदेने अजून मान्यता दिलेली नाही. करारात ‘अंमलात येईपर्यंत तात्पुरता लागू राहील’ असं एक कलम आहे. कोणी म्हणतं, सहीनंतर कराराला धक्का लावायचा नाही एवढंच बंधन असतं. कोणी म्हणतं, आतापासूनच सगळं पाळावं लागतं. खरं काय? आणि उद्या त्या देशाचं मन बदललं तर तो सहज बाहेर पडू शकतो का?"

तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ एवढाच की ती दोन वेगळ्या बंधनांबद्दल आहेत. दोन्ही बंधनं सही आणि अंमल यांच्या मधल्या काळातली, म्हणून माणसं ती एकाच दावणीला बांधतात. माझं काम करारांचे मसुदे तपासण्याचं आणि पुढे वाद झाला की त्यांतल्या शब्दांवर भांडण्याचं. पहिलं बंधन फारसं चावत नाही आणि दुसरं चांगलंच चावतं, हे या कामात लवकर कळतं. तुम्ही सांगितलेल्या करारात तात्पुरत्या लागू होण्याचं कलम आहे, त्यामुळे तुमचा खरा प्रश्न दुसऱ्या बंधनाचा आहे. तरी आधी पहिलं बाजूला काढून ठेवू.

करारांच्या कायद्यावरचा व्हिएन्ना करार १९६९ मध्ये झाला आणि १९८० मध्ये अंमलात आला. त्याचं १८वं कलम असं सांगतं की अनुसमर्थनाच्या अटीवर सही केलेल्या देशाने कराराचं उद्दिष्ट आणि प्रयोजन निष्फळ होईल अशी कृती करू नये. आपल्याला या करारात यायचं नाही, हे तो देश स्पष्ट करेपर्यंत हे बंधन राहतं. अनुसमर्थन केलंय पण करार अजून अंमलात यायचाय, अशा देशालाही ते लागू असतं. मात्र त्याच्या बाबतीत करार अंमलात यायला अवाजवी उशीर होता कामा नये.

यात करार पाळा असं कुठेही म्हटलेलं नाही. समजा, नेलेल्या प्राचीन मूर्ती परत करण्याचा करार झाला आणि त्यावर सही झाली. अनुसमर्थनाआधी मूर्ती परत केल्या नाहीत तर १८व्या कलमाचा भंग होत नाही. पण याच काळात त्या मूर्ती लिलावात विकून टाकल्या, तर उद्या करार अंमलात आला तरी परत करायला काही उरणारच नाही. असल्या कृतीला हे कलम अडवतं. म्हणून मी नेहमी एकच कसोटी लावतो: या कृतीनंतर करार अंमलात आला तर तो पाळणं निरर्थक होईल का? उत्तर ‘नुसतं अवघड होईल’ असं असेल तर १८व्या कलमाच्या जोरावर फार पुढे जाता येत नाही.

या कलमावर थेट निकाल लागलेली प्रकरणं कमी आहेत. त्यातलं एक मला विशेष आवडतं, कारण त्यातल्या तारखाच सगळं सांगून जातात. युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार १ जानेवारी १९९४ ला अंमलात येणार होता आणि त्यात आयातशुल्काला बंदी होती. युरोपीय समुदायाने आपली मान्यतेची कागदपत्रं १३ डिसेंबर १९९३ ला जमा केली. लगेच पुढच्या आठवड्यात, २० डिसेंबरला, ऑस्ट्रियातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात बनणाऱ्या एफ-१५ जातीच्या गिअरबॉक्सवर ४.९ टक्के शुल्क बसवणारा नियम त्याच समुदायाने काढला. कारण दिलं की ऑस्ट्रियाने त्या कारखान्याला सरकारी मदत दिली आहे. कंपनी कोर्टात गेली आणि युरोपीय समुदायाच्या प्रथम न्यायालयाने जानेवारी १९९७ मध्ये हा नियम रद्द केला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: कागदपत्रं जमा केल्यापासून करार कधी सुरू होणार हे तुम्हाला ठाऊक होतं, मग त्या कराराच्या विरोधात जाणारा नियम या मधल्या दिवसांत आणणं सद्‌भावनेत बसत नाही, आणि व्यापाऱ्यांच्या रास्त अपेक्षेचाही तो भंग आहे. समुदाय स्वतः व्हिएन्ना कराराचा सदस्य नव्हता. तरीही हे तत्त्व प्रथेने आलेला कायदा म्हणून कोर्टाने त्याला लावलं. तुमचा देश व्हिएन्ना करारात नसेल तर तेवढ्यावर सुटका होत नाही, ती याचमुळे.

पण या प्रकरणात मान्यता देऊन झाली होती आणि अंमलाची तारीख दारात उभी होती, हे लक्षात ठेवा. नुसती सही आहे, संसदेत चर्चाही सुरू नाही, अशा ठिकाणी १८वं कलम बरंच ढिलं पडतं. त्यातून निघणंही सोपं. अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कायद्यावर ३१ डिसेंबर २००० ला सही केली होती. ६ मे २००२ ला तिने संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना पत्र पाठवलं की आमचा सदस्य होण्याचा इरादा नाही, म्हणून सहीतून आमच्यावर कोणतंही कायदेशीर बंधन उरत नाही. विषय तिथेच संपला. सही कागदावरून कोणी पुसली नाही, फक्त तिच्यातून येणारं बंधन गेलं. गंमत अशी की खुद्द व्हिएन्ना करारावरही अमेरिकेची सहीच आहे, अनुसमर्थन नाही. तरी पत्राची भाषा बरोबर १८व्या कलमाच्या साच्यातली होती.

आता दुसरं बंधन. व्हिएन्ना कराराचं २५वं कलम म्हणतं की करारात तशी तरतूद असेल, किंवा वाटाघाटी करणाऱ्या देशांनी दुसऱ्या रीतीने तसं ठरवलं असेल, तर संपूर्ण करार किंवा त्याचा काही भाग अंमलात येण्याआधीच तात्पुरता लागू करता येतो. ‘तात्पुरता’ हा शब्द वाचून अनेकांना वाटतं की हे ऐच्छिक आहे, जमेल तसं पाळायचं. तसं नाही. तात्पुरता आहे तो काळ. त्या काळात पाळायचं बंधन पुरतं कायदेशीर असतं आणि ते मोडलं तर देशावर जबाबदारी येते. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०२१ मध्ये या विषयावर मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यांतही हेच सांगितलंय.

थोडक्यात, १८वं कलम म्हणतं मोडतोड करू नका आणि २५वं कलम म्हणतं पाळायला लागा. तुमच्या करारात २५व्या कलमाच्या जातीची तरतूद आहे, त्यामुळे ‘फक्त धक्का लावायचा नाही’ हे उत्तर तुमच्या देशाला पुरणार नाही. मात्र किती पाळायचं, कधीपासून आणि कुठवर, हे त्या तरतुदीच्या शब्दांवर ठरतं. तुम्ही ते शब्द दिलेले नाहीत, म्हणून मी ज्या करारावर सगळ्यात जास्त भांडण झालं त्याचेच शब्द घेऊन दाखवतो.

तो म्हणजे ऊर्जा सनद करार, १७ डिसेंबर १९९४ ला लिस्बनमध्ये सह्या झालेला. त्याच्या ४५व्या कलमाचा पहिला परिच्छेद सांगतो की प्रत्येक सही करणारा देश हा करार तात्पुरता लागू करायला तयार आहे, मात्र असं लागू करणं त्याच्या राज्यघटनेशी, कायद्यांशी किंवा नियमांशी विसंगत नसेल तिथवरच. दुसऱ्या परिच्छेदात वेगळी पळवाट आहे: ज्याला हे तात्पुरतं लागू होणं मान्यच नाही, त्याने सही करताना तसं निवेदन द्यावं. तिसऱ्यात बाहेर पडण्याची रीत आहे, तिच्याकडे नंतर येतो.

रशियाने पहिल्याच दिवशी सही केली आणि दुसऱ्या परिच्छेदातलं निवेदन दिलं नाही. १९९६ मध्ये करार डूमापुढे गेला, पण अनुसमर्थन कधीच झालं नाही. दरम्यान युकोस या तेलकंपनीवर प्रचंड करमागण्या आल्या, डिसेंबर २००४ मध्ये तिचा मुख्य उत्पादन विभाग लिलावात विकला गेला, आणि पुढे कंपनी दिवाळखोरीत संपली. तिच्या परदेशी नोंदणीच्या भागधारक कंपन्यांनी २००५ च्या सुरुवातीला ऊर्जा सनदेच्या २६व्या कलमाखाली रशियाविरुद्ध लवाद मागितला. रशियाचा बचाव उघड होता: आम्ही या कराराचे सदस्यच नाही, आणि तात्पुरता लागू म्हणाल तर करासारख्या सार्वजनिक सत्तेच्या विषयावर खासगी गुंतवणूकदाराशी लवादात बसणं आमच्या कायद्यात बसत नाही, म्हणून निदान २६वं कलम आम्हाला कधी लागूच झालं नाही.

आता ‘असं लागू करणं विसंगत नसेल तिथवर’ या शब्दांचे तीन अर्थ कसे निघाले ते पाहा. लवादाने २००९ मध्ये म्हटलं की विचारायचा प्रश्न एकच: करार तात्पुरता लागू करणं ही कल्पनाच रशियन कायद्याला नामंजूर आहे का? रशियाचा १९९५ चा आंतरराष्ट्रीय करारांविषयीचा कायदा तात्पुरत्या लागू होण्याला परवानगी देतो. म्हणजे कल्पना मंजूर आहे आणि म्हणून करार सगळाच्या सगळा लागू. याच पायावर जुलै २०१४ मध्ये तीन निवाडे आले. त्यांतली भरपाई मिळून ५० अब्ज डॉलरच्या वर गेली.

लवाद हेगमध्ये बसला होता, म्हणून रशिया डच कोर्टात गेला. हेगच्या जिल्हा न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये उलटं वाचलं: प्रत्येक कलम सुटं घ्यायचं आणि ते देशांतर्गत कायद्याशी जुळतं का ते पाहायचं. असल्या लवादाला रशियन कायद्यात आधार नाही, तर २६वं कलम लागू नाही, लवादाला अधिकार नाही, निवाडे रद्द. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने तिसरा अर्थ लावला. कलमं सुटी तपासायला हरकत नाही, पण प्रश्न असा विचारायचा की या जातीचं कलम तात्पुरतं लागू करायला देशाचा कायदा मनाई करतो का. कराराने दिलेला हक्क देशाच्या कायद्यात आधी नव्हता, एवढ्याने विसंगती होत नाही. नाहीतर नवं काही देणारा कोणताच करार तात्पुरता लागू होऊ शकणार नाही. निवाडे पुन्हा उभे राहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये डच सर्वोच्च न्यायालयाने या मुद्द्यावर हाच अर्थ उचलून धरला. फसवणुकीच्या आरोपाचा एक धागा मात्र त्याने पुढच्या सुनावणीसाठी दुसऱ्या कोर्टाकडे पाठवला.

माझं मत विचाराल तर तिसरा अर्थ मला पटतो, पण मसुदा म्हणून ते कलम वाईटच. ‘असं लागू करणं’ म्हणजे सगळं लागू करणं की एकेक कलम लागू करणं, हे लिहिणाऱ्यांनी मोकळं सोडलं आणि त्या मोकळ्या जागेत ५० अब्ज डॉलरचा खटला मावला. आता असा मसुदा माझ्याकडे आला तर मी तीन गोष्टी भरून घेतो: विसंगती कोणत्या कलमापुरती मोजायची, ती कोणत्या तारखेच्या कायद्याशी मोजायची, आणि ती आहे असं वाटणाऱ्या देशाने आधी कळवायचं की नाही.

तारखेचा मुद्दा दिसायला किरकोळ आहे, पण तसा नाही. १९४७ चा गॅट करार हा तात्पुरत्या लागू होण्याचा सगळ्यात लांबलेला नमुना. तो वेगळ्या प्रोटोकॉलद्वारे १ जानेवारी १९४८ पासून तात्पुरता लागू झाला आणि जागतिक व्यापार संघटना येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, तात्पुरताच राहिला. त्या प्रोटोकॉलमध्ये गॅटचा दुसरा भाग ‘अस्तित्वात असलेल्या’ कायद्यांशी विसंगत नसेल तितका जास्तीत जास्त लागू करायचा होता. ‘अस्तित्वात असलेल्या’ या दोन शब्दांमुळे जुन्या कायद्यांना आडोसा मिळाला, पण नवा कायदा करून बंधनातून निसटण्याची वाट बंद झाली. ऊर्जा सनदेच्या ४५व्या कलमात हे शब्दच नाहीत. तुमच्या कराराच्या कलमात देशांतर्गत कायद्याची अट असेल तर त्या वाक्यात काळ दाखवणारा शब्द आहे का, ते पहिल्यांदा बघा.

आणि अशी अटच नसेल तर? मग देशाचा कायदा हा बचाव होत नाही. आमची संसद अजून हो म्हणाली नाही, हे घरातलं कारण झालं. स्वतःच्या कायद्याकडे बोट दाखवून करार न पाळण्याची सोय व्हिएन्ना कराराच्या २७व्या कलमाने बंद केली आहे, आणि विधी आयोगाची तत्त्वं तोच नियम तात्पुरत्या काळालाही लावतात. अपवाद आहे तो फार अरुंद: करार करण्याच्या अधिकाराविषयीचा मूलभूत नियम उघडउघड मोडून संमती दिली गेली असेल तरच. म्हणून ज्या देशाच्या घटनेत संसदेच्या मान्यतेआधी करार लागू करायला जागा नाही, त्याने सहीच्या वेळीच निवेदन द्यावं. नंतर दिलेलं स्पष्टीकरण कोणी ऐकून घेत नाही, हे युकोसमध्ये दिसलंच.

आता मन बदललं तर काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. २५व्या कलमाचा मूळ नियम मवाळ आहे: ज्या देशांशी करार तात्पुरता चालू आहे त्यांना कळवायचं की आम्ही सदस्य होणार नाही, की तुमच्यापुरतं ते संपलं. सूचनेची मुदतही त्यात दिलेली नाही. पण ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’ अशी या नियमाची सुरुवात आहे, आणि बहुतेक करारांत वेगळं ठरलेलं असतं.

पुन्हा ऊर्जा सनद घ्या. तिथे लेखी सूचना करार सांभाळणाऱ्या निक्षेपधारक सरकारला द्यायची, आणि ती ६० दिवसांनी लागू होते. रशियाने २० ऑगस्ट २००९ ला सूचना दिली आणि ऑक्टोबरमध्ये त्याचं तात्पुरतं लागू होणं संपलं. तेव्हा युकोसचा दावा सुरू होऊन साडेचार वर्षं झाली होती. बाहेर पडल्याने त्या दाव्याला काही झालं नाही, कारण संपण्याआधी निर्माण झालेले हक्क आणि जबाबदाऱ्या तशाच राहतात. शिवाय त्याच तिसऱ्या परिच्छेदात एक लांब शेपूट आहे: तात्पुरत्या काळात झालेल्या गुंतवणुकींना संरक्षण आणि लवादाचा हक्क पुढची २० वर्षं मिळत राहील. काही देशांनी एका वेगळ्या परिशिष्टात नाव घालून या शेपटापुरती सूट आधीच घेतली होती. रशियाने घेतली नव्हती.

म्हणून तुमच्या करारातलं बाहेर पडण्याचं कलम वाचताना चार गोष्टी शोधा: सूचना कोणाला द्यायची, किती दिवसांनी लागू होते, मागचं काय काय जिवंत राहतं, आणि सूचनेत नेमकं काय म्हणायला लागतं. चौथ्या गोष्टीत माणसं चुकतात. ‘आम्ही आजपासून हा करार तात्पुरता लागू करणं थांबवत आहोत’ असं पत्र काढून मोकळं व्हायचा मोह होतो, कारण त्यात भविष्यातल्या सदस्यत्वाचं दार उघडं राहतं. पण २५व्या कलमाचा मूळ नियम आणि ऊर्जा सनदेसारखी कलमं सदस्य होण्याचा इरादा नाही, हेच वाक्य मागतात. ते वाक्य नसेल तर समोरचा पक्ष म्हणणार की सूचना पोचलीच नाही आणि ६० दिवस सुरूच झाले नाहीत. काही करारांत कारण न देता नुसतं तात्पुरतं लागू होणं थांबवण्याची मुभा असते. तसं असेल तर प्रश्न नाही, पण ते गृहीत धरू नका.

ते एक वाक्य नीट लिहिलं तर दोन्ही बंधनं सुटतात. सदस्य होणार नाही हे स्पष्ट झालं की १८व्या कलमाचं बंधन लगेच जातं, आणि करारात दिलेली मुदत संपली की तात्पुरतं लागू होणंही थांबतं. राहतं ते फक्त शेपूट. रशियासाठी ते ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे, ऑक्टोबर २००९ पर्यंत आलेल्या गुंतवणुकीपुरतं. तुमच्या कराराच्या कलमाचे शब्द इथे टाकलेत तर त्यात असं काही दडलंय का ते सांगता येईल.